ॲनोमली स्कॅनमध्ये ‘मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या’ असं आलं तर: कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने

विसाव्या आठवड्याच्या आसपास ॲनोमली स्कॅन होतो, म्हणजे बाळाचे अवयव नीट घडलेत का ते पाहणारी सोनोग्राफी. त्याच्या रिपोर्टात कधी कधी एक ओळ येते: व्हेन्ट्रिक्युलोमेगॅली. म्हणजे बाळाच्या मेंदूत जिथे नैसर्गिकपणे पाणी असतं, त्या पोकळ्या अपेक्षेपेक्षा रुंद दिसल्या. घरी येईपर्यंत या ओळीचं ‘बाळाच्या डोक्यात पाणी झालंय’ असं रूप होतं, आणि पुढे दोनपैकी एक चूक घडते. काही जण दोन दिवसांत निर्णय घेऊन मोकळे होतात. काही जण एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात तोच स्कॅन पुन्हा पुन्हा करत राहतात, आणि ज्या तपासणीतून खरं उत्तर मिळालं असतं तिचे आठवडे निघून जातात.

हा लेख याच एका दोषाला धरून आहे. कारण तो वारंवार दिसतो, आणि त्याचा अर्थ ‘काहीच नाही’ पासून ‘फार गंभीर’ पर्यंत काहीही असू शकतो. हृदयात, किडनीत किंवा मणक्यात काही आढळलं तरी पायऱ्यांचा क्रम बराचसा हाच राहतो, प्रश्न मात्र बदलतात.

## पायरी १: स्कॅनच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी

घाबरलेल्या मनाने ऐकलेलं अर्धंच लक्षात राहतं. म्हणून ऐकण्यावर भिस्त न ठेवता कागद हातात घ्या. रिपोर्ट, छापील प्रतिमा आणि शक्य असेल तर स्कॅनच्या प्रतिमांची डिजिटल प्रत. पुढचा तज्ज्ञ नुसत्या शब्दांवर विसंबत नाही, त्याला माप कुठे घेतलं ते पाहायचं असतं.

रिपोर्टात आधी मिलिमीटर शोधा. ही पोकळी मेंदूच्या मागच्या बाजूला, एट्रियम नावाच्या जागी मोजतात. तिची रुंदी १० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती सामान्य. १० ते १२ सौम्य, १३ ते १५ मध्यम आणि १५ च्या वर गंभीर. ‘थोडी मोठी आहे’ हे वाक्य कामाचं नाही. ‘डावी ११.४, उजवी ८.२’ हे वाक्य कामाचं.

हे माप नेमकं कसं घेतात, ते समजून घेण्यासारखं आहे. स्क्रीनवर बाळाचं डोकं आडव्या कापात, लंबगोल दिसतं. पोकळीच्या आत कोरॉइड प्लेक्सस नावाचा एक पांढरट गोळा असतो. त्याच्या पातळीवर, पोकळीच्या एका आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत, सरळ काटकोनात कर्सर ठेवतात. बांबू तिरका कापला की तोंड रुंद दिसतं, तसंच इथेही होतं. काप जरा तिरका गेला किंवा कर्सर कडेच्या बाहेर पडला, तर ९.५ ची पोकळी १०.५ भरते. शिवाय पोटावर टेकवलेल्या प्रोबच्या जवळचा मेंदूचा अर्धा भाग कवटीच्या प्रतिध्वनीमुळे धूसर दिसतो, त्यामुळे पुष्कळदा फक्त लांबच्या बाजूचंच माप लिहिलेलं असतं.

म्हणून तिथेच तीन प्रश्न विचारा. दोन्ही बाजूंची मापं घेतली का? बाळाची स्थिती माप घेण्यासारखी होती का? पोकळीखेरीज आणखी काही वेगळं दिसलं का, आणि काय नीट दिसलंच नाही?

इशारा: ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाळ पाठ करून असेल तर मेंदूचा एखादा भाग दिसतच नाही. रिपोर्टात तसं लिहिलेलं असेल तर तो भाग ठीक आहे असंही धरू नका आणि बिघडलेला आहे असंही धरू नका.

## पायरी २: त्याच संध्याकाळी कॅलेंडर काढा

ही पायरी बहुतेक कुटुंबं गाळतात आणि नंतर सगळ्यात जास्त तीच नडते. एका कागदावर आजचे आठवडे व दिवस लिहा. हे आठवडे पहिल्या तिमाहीच्या स्कॅनवरून ठरलेले असावेत. पाळीच्या तारखेत घोळ असेल तर पुढचे सगळे हिशेब चुकतात.

मग डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर कायद्याची मुदत लिहा. गर्भपाताला परवानगी किती आठवड्यांपर्यंत आहे, बाळात गंभीर दोष असेल तर ती मर्यादा वेगळी आहे का, एखाद्या वैद्यकीय मंडळाची संमती लागते का आणि तिला किती दिवस जातात, हे देशागणिक बदलतं. हा प्रश्न विचारला म्हणजे तुम्ही गर्भपात ठरवला असं होत नाही. किती वेळ हातात आहे, एवढंच त्यातून कळतं. ज्यांनी गर्भ ठेवायचं मनाशी पक्कं केलंय त्यांनाही तपासण्यांचा वेग ठरवायला ही तारीख उपयोगी पडते.

त्याखाली तपासण्यांचे निकाल कधी येतात ते लिहा. गर्भजलाच्या जलद तपासणीला साधारण दोन-तीन दिवस लागतात, गुणसूत्रांचे बारीक तुकडे कमी-जास्त आहेत का ते पाहणाऱ्या मायक्रोॲरेला एक ते तीन आठवडे. गर्भाच्या मेंदूचा एमआरआय फार लवकर केला तर कमी सांगतो, कारण मेंदूच्या घड्या उशिरा पडतात. २२ व्या आठवड्यानंतर तो करता येतो, पण तिसऱ्या तिमाहीत, ३० व्या आठवड्याच्या आसपास, तो अधिक बोलका असतो. म्हणजे सर्वात स्पष्ट उत्तर देणारी तपासणी अनेकदा मुदत संपल्यावर येते. हा पेच पहिल्याच दिवशी कळलेला बरा, तेविसाव्या आठवड्यात नव्हे.

पडताळणी: कागदावर चार तारखा आल्या का? आजचा दिवस, तज्ज्ञांच्या स्कॅनचा दिवस, निकालांचे अंदाजे दिवस आणि कायद्याची मुदत. एकही रिकामी असेल तर दुसऱ्या दिवशी पहिला फोन तिच्यासाठी करा.

## पायरी ३: दुसरा स्कॅन, पण योग्य हातांत

दुसरं मत घ्यायलाच हवं. पण ते फीटल मेडिसिन तज्ज्ञाकडून, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या आजारांचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून. तोच साधा स्कॅन आणखी तीन ठिकाणी केल्याने तीन वेगळे आकडे मिळतात आणि संभ्रम वाढतो. दोन अनुभवी माणसांच्या मापातही अर्धा-एक मिलिमीटरचा फरक पडतो. १०.२ आणि ९.८ यांत बाळ बदललेलं नसतं.

तज्ज्ञांकडे ज्या तपासणीसाठी जायचं तिला न्यूरोसोनोग्राफी म्हणतात. बाळ डोकं खाली करून असेल तर ती अनेकदा योनीमार्गाने करतात. प्रोब डोक्याच्या जवळ जातो आणि मेंदू समोरून व बाजूने, वेगवेगळ्या कापांत दिसतो. अवघडल्यासारखं वाटलं तरी तिचा धोका नाही आणि पोटावरून न दिसणाऱ्या गोष्टी तिच्यात दिसतात.

या भेटीतून एकच मोठा प्रश्न सुटायला हवा: मोठी पोकळी एकटीच आहे, की तिच्यासोबत आणखी काही आहे? सगळं पुढचं गणित यावर उभं आहे. म्हणून एकेक भाग नाव घेऊन विचारा.

मेंदूचे दोन अर्धे जोडणारा कॉर्पस कॅलोसम पूर्ण दिसतो का? तो नसेल तर पोकळी मागच्या बाजूला थेंबासारखी फुगते, त्यामुळे केवळ आकारावरूनही तज्ज्ञाला शंका येते. लहान मेंदू आपल्या जागी आणि नेहमीच्या आकाराचा आहे का? मणक्यात फट असेल तर लहान मेंदू खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो आणि कवटी कपाळाच्या बाजूंनी आत दबते, त्यामुळे डोक्याच्या प्रतिमेतच मणक्याचा सुगावा लागतो. तिसरी पोकळी रुंद आणि चौथी नेहमीची असेल तर मधल्या अरुंद नळीत अडथळा असू शकतो. मेंदूत पांढरे ठिपके किंवा रक्तस्रावाच्या खुणा आहेत का? हृदय, मणका, चेहरा, हातपाय, बाळाची वाढ आणि डोक्याचा घेर कसा आहे?

नेहमीची चूक: ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारणं. त्याला ‘हो, तसं ठीकच’ असं उत्तर येतं आणि त्यावर घर महिनाभर झुरतं किंवा निर्धास्त राहतं. एकेका भागाचं नाव घेऊन विचारलं की प्रत्येकाला ‘दिसला, ठीक’, ‘दिसला, वेगळा’ किंवा ‘दिसला नाही’ यापैकी एक उत्तर मिळतं. तसंच लिहून घ्या.

## पायरी ४: कारण शोधणाऱ्या तपासण्या

पोकळी मोठी असणं हा आजार नव्हे, ती एक खूण आहे. तिच्यामागे गुणसूत्रांतला बदल असू शकतो, संसर्ग असू शकतो, पाण्याच्या वाटेत अडथळा असू शकतो, रक्तस्राव असू शकतो, किंवा त्या बाळाची ठेवणच तशी असते. म्हणून स्कॅननंतर दोन दिशांनी शोध घेतात.

पहिली दिशा संसर्गाची. आईच्या रक्तात सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, आणि टॉक्सोप्लाझ्मा यांची तपासणी होते. सीएमव्हीसाठी आयजीजी आणि आयजीएम अशा दोन प्रतिपिंडांचे निकाल येतात. दोन्ही निगेटिव्ह आले तर तो संसर्ग कारण असण्याची शक्यता फार कमी. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे बहुधा जुना संसर्ग. आयजीएम पॉझिटिव्ह आलं की घरात हाहाकार उडतो, पण ते महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, कधी चुकूनही येतं. अशा वेळी ॲव्हिडिटी नावाची, प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट चिकटतात ते पाहणारी तपासणी मागा. ॲव्हिडिटी कमी असेल तर संसर्ग गेल्या तीन-चार महिन्यांतला असण्याची शक्यता. बाळापर्यंत विषाणू पोचला का, हे मात्र आईच्या रक्तावरून ठरत नाही, गर्भजलात विषाणूचा अंश शोधणाऱ्या पीसीआर तपासणीवरून ठरतं.

दुसरी दिशा गुणसूत्रांची. त्यासाठी गर्भजल तपासणी, म्हणजे ॲम्निओसेंटेसिस. सोनोग्राफीत सुईवर नजर ठेवून पोटातून बारीक सुई घालतात आणि १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात. दोन-तीन मिनिटांचं काम असतं. त्यामुळे गर्भपात होण्याचा वाढीव धोका अनुभवी हातांत २०० मध्ये एकापेक्षा कमी धरला जातो. त्याच पाण्यातून तीन उत्तरं मागता येतात: १३, १८ आणि २१ या गुणसूत्रांची जलद तपासणी, बारीक तुकड्यांची कमी-जास्त दाखवणारी मायक्रोॲरे, आणि सीएमव्हीचं पीसीआर. सुई एकदाच टोचायची असल्याने काय काय तपासायचं ते आधीच ठरवून नमुन्याच्या फॉर्मवर लिहून घ्या. नंतर ‘पीसीआर राहिलं’ असं कळणं फार त्रासाचं असतं.

पोकळी एकटीच आणि सौम्य दिसत असली तरी शंभरातल्या सुमारे पाच गर्भांत गुणसूत्रांचा दोष निघतो, म्हणून तपासणी सुचवतात. ती करायची की नाही, हा निर्णय गर्भवतीचा. ‘निकाल काहीही आला तरी गर्भ ठेवणार’ असं ठरलं असेल तर काही जणी ती नाकारतात आणि तेही योग्य आहे. काही जणी जन्माच्या वेळी तयारी असावी म्हणून करून घेतात.

इशारा: एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरची गुणसूत्रांची चाळणी, इथे गर्भजल तपासणीच्या जागी चालत नाही. ती फक्त ठरावीक गुणसूत्रांबद्दल शक्यता सांगते, निदान करत नाही. ‘माझं एनआयपीटी चांगलं होतं’ म्हणून पुढची तपासणी टाळणं ही फार सर्रास होणारी गफलत आहे.

पडताळणी: आईचा रक्तगट निगेटिव्ह आहे का? असेल तर बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून सुई टोचल्यानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. घाईगडबडीत ते राहू देऊ नका.

मायक्रोॲरेचा निकाल कधी कधी तिसऱ्याच प्रकारचा येतो: बदल सापडला, पण त्याचा अर्थ माहीत नाही. अशा वेळी आईवडिलांचं रक्त तपासतात. तोच बदल निरोगी आईत किंवा वडिलांत असेल तर तो बहुधा निरुपद्रवी. हा निकाल घेऊन थेट निर्णयाकडे जाऊ नये, मध्ये जेनेटिक समुपदेशकाला गाठावं. मायक्रोॲरे चांगली आली म्हणजे सगळे आनुवंशिक आजार नाकारले गेले असंही नव्हे. एका जनुकातली चूक तिला दिसत नाही. दोष एकाहून अधिक असतील किंवा घरात आधी असं बाळ झालं असेल, तर जनुकांतल्या अशा चुका शोधणाऱ्या एक्सोम तपासणीबद्दल विचारा.

## पायरी ५: निकाल हातात आल्यावर डॉक्टरांना काय विचारायचं

ही भेट वेगळी ठरवा, निदान अर्ध्या तासाची. गर्भवती आणि तिच्यासोबत एक लिहिणारं माणूस. बाळ जन्मल्यावर त्याला जे तपासतील त्या डॉक्टरांनाही भेटता आलं तर उत्तम: मुलांचे मेंदूतज्ज्ञ, आणि पोकळी १५ च्या वर असेल तर मुलांचे न्यूरोसर्जन. गर्भातली पोकळी मोजणारे डॉक्टर आणि अशी मुलं वाढताना पाहणारे डॉक्टर यांचं बोलणं वेगळं असतं. दोन्ही ऐकायला हवं.

‘टक्के’ ऐकले की त्याच वेळी शंभर बाळांची भाषा मागा: ‘अशी शंभर बाळं असतील तर त्यांपैकी किती सामान्य वाढतात, किती जणांना थोडी मदत लागते, किती जणांना कायमची?’ मग लगेच: ‘आणि ज्यांच्या स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही अशा शंभरांत किती?’ दुसरा आकडा नसेल तर पहिला आकडा फसवतो, कारण सामान्य स्कॅनच्या बाळांतही काहींची वाढ मागे पडतेच.

सौम्य आणि एकटी पोकळी, तपासण्या सगळ्या ठीक, अशा गटात शंभरातली नव्वदहून अधिक मुलं सामान्य वाढतात. १३ ते १५ मिलिमीटरच्या गटात हे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत पंचाहत्तर ते त्र्याण्णव असं येतं. १५ च्या वर, तरीही एकटी असेल, तर जगलेल्या मुलांत साधारण चाळीस टक्के सामान्य वाढतात आणि जवळपास तितक्यांनाच गंभीर अडचणी येतात. सोबत दुसरा दोष असेल तर हे आकडे लागूच पडत नाहीत. तेव्हा भविष्य त्या दुसऱ्या दोषावर ठरतं.

‘सामान्य’ म्हणजे काय, हेही विचारा. चालणं, बोलणं, शाळा, झटके, नजर, स्वतःचं स्वतः करणं. काही अभ्यासांत मूल फक्त दोन वर्षांपर्यंतच पाहिलेलं असतं, आणि शिकण्यातल्या अडचणी त्यानंतर दिसतात. म्हणून ‘हे आकडे किती वयापर्यंतचे?’ हा प्रश्न सोडू नका.

शेवटचा प्रश्न अनिश्चिततेचा: ‘आज जे दिसत नाही ते नंतर दिसण्याची शक्यता किती?’ पोकळी एकटीच वाटली होती, पण जन्मानंतर मेंदूत आणखी काही सापडलं, असं शंभरात सुमारे सात बाळांत होतं. पुढच्या आठवड्यांत पोकळी वाढत गेली असं शंभरात पंधरा-सोळांत होतं. बाकीच्यांत ती तशीच राहते किंवा चक्क लहान होते.

नेहमीची चूक: ‘डॉक्टर, तुमच्या घरात असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ हा प्रश्न मनापासून येतो, पण त्याचं उत्तर त्यांच्या घराचं असतं. त्याऐवजी विचारा: ‘असाच रिपोर्ट आलेल्या कुटुंबांनी कोणकोणते निर्णय घेतले आणि कशासाठी?’ याचं उत्तर तुमच्या उपयोगी पडतं.

## पायरी ६: एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा, २० आठवडे २ दिवसांना डावी पोकळी ११.४ आणि उजवी ८.२ मिलिमीटर आली. कॉर्पस कॅलोसम ‘नीट दिसला नाही’. कायद्याची मुदत २४ आठवडे धरू. म्हणजे हातात चार आठवड्यांहून जरा कमी.

तिसऱ्या दिवशी, २० आठवडे ५ दिवसांना, तज्ज्ञांची न्यूरोसोनोग्राफी. डावी ११.१. कॉर्पस कॅलोसम पूर्ण दिसला, लहान मेंदू, मणका, हृदय, डोक्याचा घेर ठीक. इथे एक अडथळा गेला: जे दिसलं नव्हतं ते दिसलं. ११.४ चं ११.१ झालं म्हणून सुधारणा झाली असं मात्र समजायचं नाही, तो मापातलाच फरक. त्याच दिवशी आईचं रक्त संसर्गासाठी दिलं.

२१ आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भजल तपासणी. आईचा गट बी निगेटिव्ह, म्हणून त्याच दिवशी अँटी-डी. तीन दिवसांत जलद निकाल ठीक आला. सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. जुना संसर्गही क्वचित पुन्हा जागा होतो, म्हणून गर्भजलातलं पीसीआर महत्त्वाचं होतं. तेही निगेटिव्ह. २३ आठवड्यांना मायक्रोॲरे सामान्य, त्याच दिवशी पुन्हा स्कॅन: डावी १०.६.

आता मुदतीला एक आठवडा आहे आणि चित्र असं: सौम्य, एका बाजूची, एकटी, वाढत नसलेली पोकळी, ज्ञात कारणं नाकारलेली. एमआरआय ३० आठवड्यांना होईल, म्हणजे निर्णयानंतर. हे कुटुंब गर्भ पुढे नेतं, पण ‘शंभर टक्के ठीक’ असं मानून नव्हे. त्यांनी शंभरातले ते सुमारे सात लक्षात घेतले आणि ती शक्यता आपण पेलू असं ठरवलं.

हेच २३ आठवड्यांना पोकळी १४.५ झाली असती आणि कॉर्पस कॅलोसम नव्हता असं निघालं असतं, तर? तेव्हा ‘नव्वदहून अधिक’ हा आकडा बाद. तो एकट्या, सौम्य पोकळीचा होता. चर्चा कॉर्पस कॅलोसम नसलेल्या मुलांच्या वाढीवर यायला हवी होती. एमआरआय लगेच करायचा का, एक्सोमचा निकाल मुदतीत येईल का, मंडळाकडे अर्ज आताच करून ठेवायचा का, हे प्रश्न पुढे आले असते. पहिल्या भेटीतला दिलासा देणारा आकडा मनात धरून ठेवून नव्या चित्राला तोच लावणं, ही या टप्प्यावरची सर्वात महागडी चूक.

## पायरी ७: घरात निर्णय कसा होतो

निर्णय गर्भवतीचा आहे. संमतीच्या कागदावर सही तिची, शरीर तिचं. तरीही प्रत्यक्षात चार माणसं बोलतात, आणि ती वेगवेगळ्या माहितीवर बोलतात. भांडणाचं मूळ पुष्कळदा इथे असतं. एकाने पहिला रिपोर्ट ऐकलेला, दुसऱ्याने कुणाच्या तरी ओळखीतली गोष्ट, तिसऱ्याने इंटरनेटवरचं सर्वात भीतिदायक छायाचित्र. म्हणून आधी सर्वांसमोर रिपोर्टमधलं तेवढंच वाचा: काय दिसलं, काय ठीक आहे, काय माहीत नाही.

मग दोघांनी, आई आणि वडिलांनी, वेगवेगळ्या कागदांवर न बोलता लिहावं: मला सर्वात जास्त भीती कशाची वाटते? कोणती गोष्ट मी पेलू शकेन, कोणती नाही? पाच वर्षांनी मागे पाहताना कोणत्या कारणाने मला पश्चात्ताप होईल? कागद अदलाबदल करून वाचावेत. पुष्कळदा असं निघतं की एकजण बाळाच्या वेदनेला घाबरतोय आणि दुसरा आपल्या मागे या मुलाला कोण सांभाळेल याला. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात, आणि त्यांतल्या काही भीतींना डॉक्टरांकडे सरळ उत्तर असतं.

वडीलधाऱ्यांचा आधार मोठा असतो, पण मत द्यायची आणि निर्णय द्यायची वेळ वेगळी ठेवा. ‘आम्हाला तुमचं म्हणणं ऐकायचंय, ठरवू आम्ही दोघं’ असं आधीच सांगितलं की नंतरचा ताण कमी होतो. गर्भवतीला एकदा तरी कुणीही सोबत नसताना डॉक्टरांशी बोलू द्या. कधी कधी तिचं खरं म्हणणं तिथेच बाहेर येतं.

रस्ते साधारण तीन असतात: गर्भ पुढे नेऊन लक्ष ठेवणं, गर्भ थांबवणं, आणि दोष जगण्याशी विसंगत असेल तर गर्भ पुढे नेऊन जन्मानंतर बाळाला फक्त वेदनारहित, कुशीत ठेवणारी काळजी देणं. हा तिसरा रस्ता पुष्कळदा कुणी सांगतच नाही. लागू असेल तर विचारून घ्या.

इशारा: निकाल आला त्या रात्री निर्णय घेऊ नका. मुदत परवानगी देत असेल तर दोन-तीन रात्री जाऊ द्या. मात्र ‘अजून एक स्कॅन करून पाहू’ हे वाक्य दुसऱ्यांदा आलं तर थांबून विचारा: या स्कॅनमध्ये नेमकं काय दिसलं तर आपला निर्णय बदलेल? उत्तर नसेल तर तो स्कॅन फक्त निर्णय पुढे ढकलतोय.

## पायरी ८: ठरल्यानंतर

गर्भ पुढे नेताना दर दोन ते चार आठवड्यांनी माप घेतात. शक्यतो तेच केंद्र, तेच डॉक्टर. तरच ११ चं १२ झालं हे खरं मानता येतं. केवळ सौम्य व्हेन्ट्रिक्युलोमेगॅलीसाठी सिझेरियन लागत नाही. डोक्याचा घेर फार वाढला, ४० सेंटिमीटरच्या वर गेला, तर तो विचार होतो. जन्मानंतर बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी किंवा एमआरआय कधी करायची आणि डोक्याचा घेर कोण मोजत राहणार, हे जन्माआधीच लिहून घ्या. फाईलची एक प्रत बालरोगतज्ज्ञांकडे पोचलेली असू द्या. बाळ रडतंय, दूध पितंय म्हणून ही भेट पुढे ढकलली जाते, आणि डोकं वेगाने वाढत असेल तर तेच आठवडे मोलाचे असतात.

गर्भ थांबवायचा असेल तर पद्धत आठवड्यांवर ठरते, म्हणून काय होणार, किती तास लागतील, वेदनेसाठी काय देणार, सोबत कोण राहू शकतं, हे आधी विचारा. विसाव्या आठवड्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्तनांत दूध येऊ शकतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर आई त्या क्षणी कोलमडते. दूध थांबवण्याचं औषध मागून ठेवा. गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी पुन्हा लागेल. बाळाला पाहायचं का, घट्ट धरायचं का, पावलांचा ठसा घ्यायचा का, हे दोघांना वेगवेगळं विचारावं. नंतर ‘पाहिलं असतं तर बरं’ असं वाटणाऱ्यांना तो क्षण परत मिळत नाही.

बाळाचं शवविच्छेदन आणि डीएनएचा साठा, या दोन गोष्टींना होकार द्यायचा का याचाही विचार आधीच व्हावा. गंभीर व्हेन्ट्रिक्युलोमेगॅलीचे काही प्रकार एका जनुकामुळे होतात आणि पुढच्या गर्भातही येऊ शकतात. आज नाव न मिळालेलं कारण काही वर्षांनी त्या साठवलेल्या नमुन्यातून मिळू शकतं. मूळ दोष मणक्यातली फट असेल तर पुढच्या वेळी फॉलिक ॲसिड नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमऐवजी ४ ते ५ मिलिग्रॅम, तेही दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावं लागतं.

सहा ते आठ आठवड्यांनी सगळे अहवाल घेऊन एक भेट ठरवा, निर्णय कोणताही असो. त्या भेटीत दोनच प्रश्न न्या: कारण सापडलं का, आणि पुढच्या गर्भात हे पुन्हा होण्याची शक्यता शंभरात किती?